ब्रिजमधला ‘वीक टू’ : कमी ताकदीच्या पानांवर मोठी बोली का लावतात?

2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचं सुवर्णपदक जिंकलं आणि ब्रिज अनेकांना पहिल्यांदा कळला. मेंढीकोट खेळणाऱ्यांना यातला हुकूम आणि भिडू ओळखीचा वाटेल. फरक बोलीत आहे.

बोलीची शिडी एकूण 35 पायऱ्यांची. खाली एक किलवर, सगळ्यात वर सात बिनहुकूम. दोघा भिडूंना एकमेकांची पानं दिसत नाहीत, त्यामुळे या पायऱ्या हीच त्यांची भाषा. ‘दोन इस्पिक’ ही नववी पायरी. कुणी थेट तिथून सुरुवात केली, तर खालच्या आठ पायऱ्या सगळ्यांसाठीच बंद.

एक्क्याचे 4, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचा 1 असे गुण धरतात. वीक टूसाठी साधारण 6 ते 10 गुण आणि एकाच रंगाची सहा चांगली पानं लागतात. समजा, इस्पिकचे राजा, राणी, दश्शी, नव्वी, सत्ती, चव्वी आणि बाहेर फक्त चौकट गुलाम. गुण जेमतेम 6, पण बोली ‘दोन इस्पिक’, म्हणजे आठ हात करण्याचा करार.

आता पुढच्या प्रतिस्पर्ध्याकडे 13 गुण आहेत आणि बदामाची एक्का, गुलामासह पाच पानं. एरवी तो निवांत ‘एक बदाम’ म्हणाला असता. आता बदाम सांगायचे तर ‘तीन बदाम’ म्हणावं लागतं, म्हणजे भिडूकडे काय आहे हे न कळता नऊ हातांचा करार. पास म्हणावं, तर चार बदामांचा गेम हुकण्याची भीती. डबल म्हणून भिडूला रंग विचारता येतो, पण पाच बदाम आहेत हे त्यातून कळत नाही.

याची किंमत असतेच. भिडूकडे काही नसेल, तर या पानांवर पाचच हात होतील, म्हणजे तीन कमी. प्रतिस्पर्ध्यांनी डबल केलं असेल आणि आपण व्हल्नरेबल नसू, तर दंड 500. ते व्हल्नरेबल असतील, तर चार बदाम करून त्यांना 620 मिळाले असते, म्हणजे सौदा फायद्याचाच. आपण व्हल्नरेबल असू तर तोच दंड 800 होतो आणि गणित उलटतं. नवे खेळाडू इथेच फसतात.

दुसरी चूक रंगाच्या दर्जाची. गुलामापासून सुरू होणारी सहा इस्पिक आणि बाहेर दोन एक्के असतील, तर ही बोली टाळलेली बरी. गुण बसतात, पण भिडू इस्पिक मजबूत समजून चुकीचं पान उतरतो.

सात पानांवर ‘तीन’ची बोली लावतात, तिला प्रीएम्प्ट म्हणतात. तत्त्व तेच, फक्त दाब आणि धोका जास्त. बसण्याची जागाही पाहावी लागते. पहिल्या जागी पुढे दोन प्रतिस्पर्धी आणि एक भिडू असतो. दुसऱ्या जागी एक प्रतिस्पर्धी पास झालेला असतो, म्हणून वाट आपल्याच भिडूची अडण्याची शक्यता वाढते. तिथे पानं चोख हवीत. चौथ्या जागी तिघेही पास झालेले असतात, अडवायला कुणी उरतच नाही.