उपाशी जिवाणू आणि मातीतला धनुर्वात : बीजाणूंच्या शोधाची गोष्ट

जखमेत माती गेली की आम्ही डॉक्टर धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करतो. पुष्कळांना वाटतं की दोष गंजलेल्या खिळ्याचा आहे. खरा दोष मातीत झोपून राहिलेल्या बीजाणूंचा, म्हणजे स्पोअर्सचा असतो. हे बीजाणू का आणि कसे तयार होतात, हे समजायला विज्ञानाला सव्वाशे वर्षं लागली.

या गोष्टीत आपल्या मुंबईचाही एक दुःखद अध्याय आहे. 1902 साली परळच्या प्रयोगशाळेत डॉ. हाफकिन प्लेगची लस तयार करत होते. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस पंजाबमधील मुल्कोवाल गावात 107 जणांना ही लस टोचली गेली. त्यांतले 19 जण धनुर्वाताने दगावले. ते सगळे एकाच बाटलीतली लस टोचलेले होते. चौकशी आयोगाने मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठपका ठेवला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं. पुढे पुराव्यांची फेरतपासणी झाली. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे पुढे आलं. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू मांडली आणि ते निर्दोष ठरले. 1925 साली त्याच प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं. जमिनीवरच्या चिमूटभर मातीतले बीजाणू काय करू शकतात, याचं हे उदाहरण आहे.

बीजाणूंची ओळख त्याआधी झालेली होती. 1876 साली जर्मनीत फर्डिनांड कोन यांनी गवताचा काढा उकळून पाहिला. उकळूनही काही जिवाणू पुन्हा वाढत होते. त्यांच्या पोटात चमकदार गोल कण दिसायचे आणि उष्णता तेच कण सहन करत होते. त्या जिवाणूचं नाव बॅसिलस सबटिलिस. तो मातीत सर्वत्र असतो आणि सहसा कुणाला आजारी पाडत नाही. त्याच वर्षी रॉबर्ट कॉख यांनी अँथ्रॅक्सच्या जिवाणूचेही बीजाणू दाखवले. पण जिवाणू हे रूप घ्यायचं कधी ठरवतो, हा प्रश्न तसाच राहिला.

एक गोष्ट लवकर लक्षात आली होती. भरपूर अन्न असेल तर जिवाणू वाढत राहतो आणि अन्न संपलं की बीजाणू बनवतो. 1965 साली फ्रान्समध्ये पिएर शेफर आणि सहकाऱ्यांनी याचा नीट अभ्यास केला. जिवाणूला सहज वापरता येणारा कार्बन आणि नायट्रोजन मिळत असेल, तर बीजाणू बनवण्याची क्रिया दाबली जाते, असं त्यांना आढळलं. त्यांनी आणखी एक उपयोगी काम केलं. बीजाणू बनवू न शकणारे बिघडलेले वाण गोळा केले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक वाण कोणत्या टप्प्यावर अडकतो ते पाहिलं. काही वाण सुरुवातच करत नव्हते. त्यांच्यात बिघडलेल्या जनुकांना शून्याचा क्रमांक मिळाला. त्यांतलंच एक स्पो-झिरो-ए. पुढे तेच या साऱ्या गोष्टीचं मुख्य कळसूत्र ठरलं.

पण भूक लागली हे पेशीला कळतं कसं? 1977 साली अमेरिकेत अर्न्स्ट फ्रीज यांच्या गटाने एक सुरेख प्रयोग केला. पेशीत जीटीपी नावाचा रेणू असतो. अन्न मुबलक असताना तो भरपूर असतो आणि उपासमारीत घटतो. फ्रीज यांनी डेकॉयिनिन हे औषध वापरून जीटीपी बनण्याची वाट अडवली. समोर खाद्य होतं, तरी जिवाणू बीजाणू बनवू लागला. म्हणजे ताट समोर भरलेलं असूनही पेशीला आतून दुष्काळ जाणवला. जीटीपी ओळखणारं प्रथिन कोडवाय आहे, हे 2001 साली उलगडलं. जीटीपी आणि काही अमिनो आम्लं भरपूर असेपर्यंत कोडवाय उपासमारीची जनुकं बंद ठेवतं. ती घटली की कोडवायची पकड सुटते.

1991 साली जेम्स हॉक यांच्या गटाने निर्णयाची साखळी मांडली. काइन-ए नावाचं प्रथिन स्वतःवर फॉस्फेट चढवतं, ते स्पो-झिरो-एफकडे देतं, तिथून ते स्पो-झिरो-बीकडे जातं आणि शेवटी स्पो-झिरो-एवर बसतं. थेट न देता चार हातांतून का फिरवायचं? कारण वाटेत तपासनाके ठेवता येतात. डीएनएची प्रत अपुरी किंवा बिघडलेली असेल, तर एक प्रथिन काइन-एलाच रोखतं. दुसरी काही प्रथिनं स्पो-झिरो-एफवरचं फॉस्फेट काढून घेतात. सगळ्या नाक्यांवरून पुरेसं फॉस्फेट पुढे सरकलं, तरच निर्णय होतो.

निर्णयालाही पायऱ्या असतात. स्पो-झिरो-एवर थोडं फॉस्फेट असताना पेशी आधी दुसरे उपाय करते. 2003 साली दिसलं की अशी पेशी विष सोडून आपल्याच भावंडांना मारते आणि त्यांच्या अवशेषांवर काही काळ तग धरते. फॉस्फेट हळूहळू वाढत मोठ्या प्रमाणात गेलं की बीजाणूची जनुकं उघडतात. मग पेशी मधोमध नव्हे, तर एका टोकाला पडदा घालते. लहान भाग बीजाणू होतो. मोठा भाग, म्हणजे आईपेशी, त्याला वेढते, थरांवर थर चढवते आणि शेवटी स्वतः फुटून मरते. या साऱ्याला सुमारे 7 ते 8 तास लागतात. पडद्यानंतर एका टप्प्यापुढे गेल्यावर अन्न परत आलं तरी माघार नसते. म्हणूनच एवढे नाके.

आता धनुर्वाताकडे. त्याचा जिवाणू, क्लॉस्ट्रिडियम टेटानी, बॅसिलसचा दूरचा नातेवाईक आहे. त्यालाही स्पो-झिरो-ए लागतं, पण स्पो-झिरो-एफ आणि बी हे मधले दोन हात त्याच्याकडे नाहीत. तिथे स्पो-झिरो-एवर फॉस्फेट थेट चढतं. म्हणून बॅसिलसमधलं सगळं धनुर्वाताला जसंच्या तसं लागू होत नाही. पण तयार होणारा बीजाणू तसाच कोरडा आणि चिवट असतो. तो ऑक्सिजनशिवायच्या खोल जखमेत पोचला की पुन्हा जागा होतो आणि विष बनवतो.

यातून रोजच्या दोन गोष्टी निघतात. पहिली, पाण्यात नुसती उकळलेली सुई निर्जंतुक झाली असं धरू नये. बीजाणू मारायला दाबाखालची वाफ लागते, साधारण 121 अंश सेल्सियसला निदान 15 मिनिटं. ऑटोक्लेव्ह नीट चालतो का, हे तपासायलाही बीजाणूंच्याच पट्ट्या वापरतात. दुसरी, मातीने माखलेली किंवा खोल जखम झाली, तर ती लगेच वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. लहानपणचे डोस पूर्ण झाले असले, तरी अशा जखमेत शेवटच्या डोसला 5 वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तर पुन्हा एक डोस लागतो. डोस अपुरे असतील किंवा आठवतच नसतील, तर लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागू शकतं. बीजाणू मातीतून कधीच संपणार नाहीत. लस त्यांना मारत नाही. ते जागे होऊन जे विष सोडतील, ते निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं मात्र ती आधीच तयार करून ठेवते.