कलेक्ट रिक्वेस्ट फसवणूक

यूपीआय या भारतीय देयक प्रणालीतील ‘कलेक्ट रिक्वेस्ट’, म्हणजे पैसे घेणाऱ्याने देणाऱ्याकडे पाठवलेली मागणी, ही खात्यात येणारी रक्कमच आहे असे भासवून खातेदाराकडून तिला मंजुरी मिळवण्याचा फसवणुकीचा प्रकार. यात बँकेची यंत्रणा फोडली जात नाही आणि खातेदाराचा पिनही चोरला जात नाही. खातेदार स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या ॲपमध्ये, स्वतःच्या हाताने पिन टाकतो आणि बँकेच्या नोंदीत तो व्यवहार सर्वस्वी नियमानुसार झालेला दिसतो.

नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेने 2016 मध्ये यूपीआय सुरू केले, तेव्हापासूनच त्यात व्यवहाराचे दोन मार्ग होते. पहिल्यात पैसे देणारा पुढाकार घेतो : तो घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता किंवा मोबाइल क्रमांक लिहितो, रक्कम भरतो आणि पिन टाकतो. दुसऱ्यात पुढाकार घेणाऱ्याकडे असतो : तो समोरच्याचा पत्ता आणि रक्कम लिहून मागणी पाठवतो, ती समोरच्याच्या ॲपमध्ये सूचनेच्या रूपाने उमटते आणि त्याने ठरलेल्या मुदतीत पिन टाकून मान्यता दिली, तर रक्कम त्याच्या खात्यातून वजा होते. सहलीचा खर्च वाटून घेणे किंवा दुकानदाराने बिलाची रक्कम मागणे अशा कामांसाठी हा दुसरा मार्ग सोयीचा होता. मात्र त्यात अनोळखी माणसालाही दुसऱ्याच्या पैशाच्या पडद्यावर स्वतःचा मजकूर पोहोचवता येत असे, कारण मागणीसोबत छोटी टीप जोडण्याची सोय होती आणि त्या टिपेत ‘रिफंड’, ‘कॅशबॅक’ किंवा ‘ॲडव्हान्स’ असे काहीही लिहिता येत असे. फसवणुकीला वाव मिळाला तो मुख्यतः येथे, असे म्हणता येईल. कारण ॲपने छापलेली रक्कम आणि ठगाने लिहिलेली टीप एकाच पडद्यावर शेजारीशेजारी दिसू लागली.

जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीत या फसवणुकीचे रूप सर्वांत स्पष्ट दिसत असे. उदाहरणादाखल असे समजता येईल की, नाशिकच्या एका गृहस्थांनी 9,000 रुपयांना लाकडी पलंग विकायची जाहिरात ऑनलाइन दिली आहे. थोड्याच वेळात फोन येतो. बोलणारा आपण लष्करात असून नुकतीच बदली झाल्याचे सांगतो, ओळखपत्राचे छायाचित्र पाठवतो, घासाघीस अजिबात करत नाही आणि वस्तू न पाहताच सौदा पक्का करतो. प्रत्यक्ष भेट टाळण्याची सबब आणि विश्वास बसण्याचे निमित्त अशी दोन्ही कामे लष्करी नोकरीच्या बतावणीने साधतात. खाते बरोबर आहे ना हे पाहण्यासाठी म्हणून तो आधी 1 रुपया खरोखरच पाठवतो आणि तो जमा झाल्याचा संदेश विक्रेत्याला दिसतो. त्यानंतर ‘ॲडव्हान्स’ अशी टीप असलेली 2,000 रुपयांची मागणी येते आणि फोन चालूच ठेवून तो सांगत राहतो की सूचना उघडा, हिरवे बटण दाबा, पिन टाका, म्हणजे पैसे जमा होतील. पिन पडताच 2,000 रुपये वजा होतात. विक्रेता गोंधळतो, तेव्हा ठग त्याच्याहून जास्त गोंधळल्याचे सोंग आणतो, ‘उलटे झाले, आता दोन्ही रकमा एकत्र परत करतो’ म्हणून पुढची मागणी पाठवतो आणि गेलेले पैसे परत मिळवण्याच्या धडपडीत विक्रेता आणखी दोनदा पिन टाकून एकूण 6,000 रुपये गमावतो. मागण्या 2,000 रुपयांच्याच का, याचे उत्तर नियमात आहे : व्यक्तीकडून व्यक्तीला जाणाऱ्या मागणीवर पुढे तेवढीच कमाल मर्यादा घालण्यात आली होती. त्या मर्यादेमुळे एका फटक्यातील नुकसान घटले, पण वारंवार मागण्यांचा मार्ग मोकळाच राहिला.

हा डाव ओळखण्याची सोपी खूण म्हणून पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही असे सांगितले जाते आणि ते खरेच आहे. पण तेवढ्याने काम भागत नाही, कारण शिल्लक पाहण्यासाठीही हाच पिन टाकावा लागतो. त्यामुळे पिन टाकणे म्हणजे पैसे देणे हे समीकरण सामान्य वापरकर्त्याच्या मनात पक्के होत नाही. अधिक भरवशाची खूण पिनच्या पानावरच असते, कारण तेथे रक्कम आणि ती ज्याच्याकडे जाणार त्याचे नाव दाखवलेले असते. येणाऱ्या पैशासाठी असे पानच उघडत नाही. ठग फोन चालू ठेवून घाई करतो तो हे पान वाचले जाऊ नये म्हणूनच.

याच फसवणुकीचा जुळा प्रकार क्यूआर कोडचा आहे. त्यात मागणीऐवजी कोडचे चित्र पाठवून ‘पैसे घेण्यासाठी स्कॅन करा’ असे सांगितले जाते. कोडमध्ये पुढीलसारखी ओळ दडलेली असते :

```
upi://pay?pa=naav@bank&am=2000&tn=Refund
```

तीत `pa` म्हणजे घेणाऱ्याचा पत्ता, `am` म्हणजे रक्कम आणि `tn` म्हणजे टीप. स्कॅन करणारा नेहमी देणाराच ठरतो, टिपेत काहीही लिहिलेले असो.

नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या 29 जुलै 2025 च्या परिपत्रकाने व्यक्ती-व्यक्तींमधील कलेक्ट मागण्या ऑक्टोबर 2025 पासून बंद करण्याचे बँकांना आणि ॲपना कळवण्यात आले. दोष वापरकर्त्यांच्या अज्ञानात नसून सोयीच्या रचनेतच होता, याची ती उशिरा दिलेली कबुली मानावी लागेल. तोपर्यंत भर मुख्यतः सावधगिरीच्या जाहिरातींवर होता. त्या परिपत्रकाने व्यापाऱ्यांच्या मागण्यांना हात लावला नाही आणि तेथे एक फट उरली. ठग एखाद्या खऱ्या संकेतस्थळावर खरेदी करत असे आणि पैसे भरताना स्वतःच्या जागी सावजाचा यूपीआय पत्ता लिहीत असे. सावजाला येणारी मागणी नावाजलेल्या व्यापाऱ्याच्या नावाची असल्यामुळे ‘त्या कंपनीकडून परतावा आला आहे’ ही थाप अधिकच पटत असे. क्यूआर कोडच्या प्रकाराला तर या बंदीचा स्पर्शही होत नाही, कारण तो मुळात पहिल्या मार्गाने होणारा व्यवहार आहे.

कायद्याच्या दृष्टीने हे कृत्य भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालील फसवणूक ठरते आणि तोतयेगिरीसाठी संगणकीय साधन वापरलेले असल्याने माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम 66ड लागू होते, ज्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. बँकेकडून भरपाई मिळणे मात्र अवघड असते. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने ग्राहकाला संरक्षण दिले ते अनधिकृत व्यवहारांपुरते, आणि पिन ग्राहकानेच टाकलेला असल्यामुळे हा व्यवहार अधिकृतच होता असा युक्तिवाद बँकेला करता येतो. म्हणून पैसे वाचवण्याचा व्यवहार्य मार्ग तत्काळ तक्रारीचा उरतो. 1930 हा मदत क्रमांक किंवा `cybercrime.gov.in` हे संकेतस्थळ यांवर तक्रार नोंदवली की ती संबंधित बँकांकडे जाते आणि रक्कम ज्या खात्यात पोहोचली असेल तेथे ती गोठवण्याचा प्रयत्न होतो. त्यासाठी व्यवहाराच्या तपशिलातील 12 अंकी संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ आणि घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता हाताशी असावा लागतो. ठगांची खाती बहुधा दुसऱ्याच कोणाच्या नावावर भाड्याने घेतलेली असतात आणि त्यांत आलेली रक्कम लगेच तुकडे करून पुढच्या खात्यांत वळवली जाते किंवा एटीएममधून काढली जाते. एकदा रोकड बाहेर पडली की गोठवण्यासारखे त्या खात्यात काहीच राहत नाही.