सूट, तहकुबी आणि स्थगिती : परिपत्रकातील वाक्याचे वृत्तवाक्य होताना

शासकीय मराठीच्या क्लिष्टतेची चर्चा आपल्याकडे बहुधा शब्दांपाशीच घोटाळते. १९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाली, १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला, त्यातील संस्कृतप्रचुर पदनामांची यथेच्छ थट्टा झाली. आणि अवघड शब्द काढून त्या जागी सोपा शब्द घातला की वाक्य सुबोध होते, ही समजूत रूढ झाली. जमीन महसुलाच्या कागदांचा इतिहास पाहिला असता ही समजूत अपुरी असल्याचे ध्यानात येते. तेथे अवघड वाटणारे नाम पुष्कळदा जपावयाचे असते. मोडावयाची असते ती वाक्याची घडण.

मुंबई इलाख्यात पीक बुडाल्यास साऱ्याच्या बाबतीत दोन भिन्न सवलती होत्या. तहकुबी म्हणजे वसुली पुढे ढकलणे. देणे कायमच राही. सूट म्हणजे देणेच नाहीसे होणे. पीक चार आणे किंवा त्याहून कमी आले, तर त्या वर्षाची संपूर्ण वसुली तहकूब होण्यास रयत पात्र असे. १९१८ च्या खेडा सत्याग्रहातील वाद याच आणेवारीचा होता : पीक चार आण्यांच्या आत आहे असे शेतकरी म्हणत, तर सरकारी अंदाज त्याहून अधिक होता. मागणी तहकुबीची होती. जून महिन्यात जी तडजोड झाली तीही ऐपतदारांनी सारा भरावा आणि गरिबांची वसुली तहकूब व्हावी, अशीच होती. आज या लढ्याचे वर्णन कोणी 'सारामाफीसाठी झालेला लढा' असे केले, तर वाक्य ओघवते होते खरे, पण सत्याग्रहींनी जे मागितले नव्हते ते त्यांच्या पदरी बांधले जाते.

हाच घोटाळा शंभर वर्षांनंतरच्या मजकुरातही संभवतो. महाराष्ट्र शासनाने ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या वेळच्या सवलतींत जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जांचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीस स्थगिती आणि कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, अशा बाबी होत्या. यांपैकी सूट मिळालेली रक्कम भरावयाची नाही. पुनर्गठित कर्ज नव्या मुदतीने फेडावयाचे आहे. स्थगितीत केवळ तगादा थांबला आहे. तिन्हींना 'माफी' म्हणणारा मथळा मोहक असतो आणि दोन ठिकाणी खोटा असतो.

आता या सवलती परिपत्रकी वळणाने कशा येतात ते पाहू. नमुन्यासाठी मीच रचलेले वाक्य असे : 'उपरोक्त तालुक्यांमध्ये शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीस स्थगिती देण्यात येत असून कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट अनुज्ञेय करण्यात येत आहे.' येथे 'उपरोक्त' आणि 'अनुज्ञेय' हे शब्द खुशाल काढावेत. 'शेतीशी निगडित कर्ज' याचे 'पीककर्ज' मात्र करू नये, कारण पंपासाठी काढलेले कर्ज त्यातून गळते. वृत्तवाक्य असे होईल : 'दुष्काळ जाहीर झालेल्या १५१ तालुक्यांत शेतीशी संबंधित कर्जाची वसुली शासनाने थांबवली आहे, मात्र कर्ज माफ झालेले नाही. कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट मिळेल. ती चालू बिलापुरती आहे.'

'मात्र कर्ज माफ झालेले नाही' ही भर मूळ वाक्यात नाही, असा आक्षेप येईल. माझ्या मते ती भर नव्हे. 'स्थगिती' या शब्दात मिटलेला अर्थ तेथे उलगडला आहे. परंतु 'मागील थकबाकीवर सूट नाही' असे लिहिणे वेगळे. थकबाकीविषयी दुसरा आदेश असू शकतो, म्हणून 'चालू बिलापुरती' येथेच थांबावे. मुदत दिलेली नसल्यास 'वर्षभर' हा शब्दही आपल्या पदरचा घालू नये.

सर्वांत अधिक चुका होतात त्या क्रियापदाच्या रूपात, आणि तिकडे आपल्या व्याकरणकारांचेही फारसे लक्ष गेलेले नाही. 'स्थगिती देण्यात येत आहे' या वाक्यानेच स्थगिती घडते. म्हणून त्याचे 'शासनाने स्थगिती दिली आहे' हे रूपांतर योग्य. 'स्थगिती देण्यात यावी' हा कनिष्ठ यंत्रणेस दिलेला आदेश असतो. स्थगिती अद्याप प्रत्यक्षात आलेली नसते. त्याचे वृत्तवाक्य 'वसुली थांबवण्याचा आदेश बँकांना दिला आहे' असे व्हावे, आणि बँका की जिल्हाधिकारी हे पाहण्यासाठी परिपत्रकाच्या तळाशी असलेली 'प्रति' या मथळ्याखालील यादी वाचावी लागते. 'देता येईल' असे असेल तर केवळ अधिकार मिळालेला असतो; तो वापरला जाईलच असे नाही.

विद्यार्थ्यांकडून हे काम करवून घेताना मी त्यांचे वृत्तवाक्य मूळ परिपत्रक न पाहिलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्यास देतो आणि कोणी, कोणास, कोणती रक्कम, किती काळ, एवढेच लिहून घेतो. मुळाशी ताडता रक्कम सहसा बरोबर असते. 'किती काळ' या रकान्यात, परिपत्रकात मुदत नसतानाही, बहुतेकांनी काही ना काही लिहिलेले आढळते.