वांशिक संघर्ष : जन्मबंधवादी आणि साधनवादी उपपत्ती

भाषा, धर्म, कूळ किंवा प्रदेश यांवरून स्वतःला वेगळे मानणाऱ्या समूहांमध्ये सत्ता, नोकऱ्या, जमीन वा मानमरातब यांसाठी चालणारा झगडा म्हणजे वांशिक संघर्ष. मराठीत ‘वांशिक’ शब्द रूढ झाला असला, तरी इथे रक्ताचा वंश असेलच असे नाही. पुष्कळदा वाद एका लिपीचा किंवा एका अक्षराचाही असतो.

अशा संघर्षांची कारणमीमांसा दोन बाजूंनी केली जाते. जन्मबंधवाद्यांच्या मते रक्त, भाषा, श्रद्धा आणि गावगाडा यांचे बंध माणसाला जन्मतःच चिकटतात आणि तर्काला दाद देत नाहीत. एडवर्ड शिल्स यांनी १९५७ मध्ये ही कल्पना मांडली आणि क्लिफर्ड गीर्ट्‌झ यांनी १९६३ मध्ये ती नवस्वतंत्र देशांना लावली. गीर्ट्‌झ यांना हे बंध निसर्गदत्त आहेत असे म्हणायचे नव्हते. लोक ते तसे मानतात, एवढेच त्यांचे म्हणणे होते. टीकाकार हा फरक सहसा गाळतात. साधनवाद्यांच्या मते अस्मिता हे स्पर्धेतले हत्यार आहे. अभिजन, म्हणजे नेते, धर्मगुरू आणि शिकलेसवरलेले होतकरू, समूहाच्या अनेक खुणांपैकी सोयीची खूण उचलतात आणि तिच्याभोवती माणसे गोळा करतात. उत्तर भारतातील भाषा आणि धर्म यांच्या राजकारणावर लिहिताना पॉल ब्रास यांनी हा विचार पुढे नेला. या दोन्ही उपपत्तींची ताकद आणि मर्यादा एकाच ठिकाणी पाहायची, तर १९५६ ते १९५९ या काळातील श्रीलंका (तेव्हाचे सिलोन) पाहावी.

सिंहली-तमिळ वैर दोन हजार वर्षांचे आहे, असे दोन्हीकडे सांगितले जाते. ‘महावंस’ या पाली ग्रंथात सिंहली राजा दुट्ठगामणी आणि तमिळ राजा एळार यांच्या युद्धाची कथा आहे, आणि शाळेच्या पुस्तकांतून ती घरोघर पोहोचली. पण जुन्या वैराने सगळे ठरत असते, तर मधल्या गोष्टींचा उलगडा होत नाही. १७३९ पासून १८१५ पर्यंत कँडीच्या सिंहली राज्याच्या गादीवर दक्षिण भारतातून आलेले नायक्कर राजे होते. किनारपट्टीवरच्या काही जाती दक्षिण भारतातून येऊन सिंहली झाल्या. १९११ मध्ये सुशिक्षितांच्या एकमेव जागेसाठी निवडणूक झाली, तेव्हा बहुसंख्य सिंहली मतदारांनी पोन्नंबलम रामनाथन या तमिळाला निवडून दिले, कारण विरोधातला सिंहली उमेदवार गोयिगम या वरच्या जातीचा नव्हता. त्या दिवशी भाषेपेक्षा जात जड ठरली.

मग १९५६ मध्ये भाषा का जड झाली? स्वातंत्र्यानंतरही कारभार इंग्रजीतच चाले. जाफन्यात मिशनऱ्यांच्या इंग्रजी शाळा जुन्या आणि शेती तुटपुंजी, त्यामुळे तिथली मुले सरकारी नोकरीकडे वळली आणि नोकऱ्यांतला तमिळांचा वाटा लोकसंख्येच्या मानाने मोठा झाला. दुसरीकडे सिंहली माध्यमात शिकलेल्या खेड्यातल्या गुरुजींना आणि वैद्यांना शहरात दार बंद होते. त्यांचे हे गाऱ्हाणे कोणी बनवलेले नव्हते. ते खरे होते. आणि मुळात ते तमिळांविरुद्ध नव्हते, इंग्रजीविरुद्ध होते. ते वळवण्याचे काम राजकारणाने केले.

वळवणारे एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके ऑक्सफर्डला शिकलेले, ख्रिस्ती घराण्यात जन्मलेले आणि पुढे बौद्ध झालेले. १९२६ मध्ये याच गृहस्थांनी सिलोनसाठी संघराज्याची कल्पना मांडली होती. १९५६ च्या निवडणुकीत मात्र त्यांनी चोवीस तासांत फक्त सिंहली राजभाषा करण्याचे वचन दिले आणि भिक्खू, वैद्य, गुरुजी, शेतकरी व कामगार या ‘पाच महाशक्तीं’ची मोट बांधली. बुद्धजयंतीचे अडीच हजारावे वर्ष तोंडावर आले होते. सत्ताधारी युनायटेड नॅशनल पार्टीनेही निवडणुकीपूर्वी घाईघाईने ‘फक्त सिंहली’चीच घोषणा केली, तरी ९५ पैकी ८ जागांवर तिची बोळवण झाली. बंडारनायके यांच्या आघाडीला ५१ मिळाल्या.

विधेयकाच्या मसुद्यात तमिळांसाठी काही सवलती होत्या. एका विद्यापीठीय अध्यापकाने त्याविरुद्ध उपोषण केले आणि त्या गळाल्या. ५ जून १९५६ रोजी विधेयक मांडले गेले, त्याच दिवशी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर सत्याग्रहाला बसलेल्या तमिळ पुढाऱ्यांना जमावाने मारहाण केली. या पुढाऱ्यांचे अग्रणी एस. जे. व्ही. चेल्वनायकम स्वतः ख्रिस्ती होते आणि त्यांचे बहुसंख्य अनुयायी हिंदू. धर्माचा बंध इथे आड आला नाही.

पुढचा भाग साधनवादाला पुष्टी देतो आणि अडचणीतही आणतो. २६ जुलै १९५७ रोजी बंडारनायके यांनी चेल्वनायकम यांच्याशी करार केला : प्रादेशिक मंडळे, आणि उत्तर-पूर्वेत तमिळमधून कारभार. कायदा तोच राहून तोडगा निघाला होता. पण विरोधात बसलेल्या युनायटेड नॅशनल पार्टीला संधी दिसली. जे. आर. जयवर्धने यांनी ऑक्टोबरात कराराविरुद्ध कँडीची पदयात्रा काढली. ती वाटेतच अडवली गेली, पण जो जास्त ताणेल तो जिंकेल, अशी चढाओढ सुरू झाली. डोनाल्ड हॉरोविट्‌झ यांनी १९८५ च्या ग्रंथात अशा चढाओढीचे विश्लेषण केले आहे. दोन्ही पक्ष एकाच समूहाच्या मतांवर अवलंबून असले की तडजोड करणारा ‘विकला गेला’ ठरतो आणि मधला मतदार कोणी धरतच नाही.

१९५८ च्या आरंभी मोटारींच्या क्रमांकपट्ट्यांवर सिंहली ‘श्री’ अक्षर आले. उत्तरेत तमिळांनी त्या अक्षरावर डांबर फासले, तर कोलंबोत सिंहली टोळ्यांनी तमिळ पाट्यांवर. एप्रिलमध्ये भिक्खूंनी पंतप्रधानांच्या बंगल्यासमोर ठाण मांडून करार रद्द झाल्याचे लेखी मागितले आणि ते मिळवले. मे महिन्यात दंगली उसळल्या, शेकडो माणसे मारली गेली. २५ सप्टेंबर १९५९ रोजी एका भिक्खूने बंडारनायके यांच्यावर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी ते वारले. कटाचा सूत्रधार ठरलेले केळणीया विहाराचे प्रमुख १९५६ मध्ये त्यांच्याच प्रचारात आघाडीवर होते.

अभिजन सुरुवात करू शकतात, आवर घालू शकतातच असे नाही. अस्मिता निव्वळ हत्यार असती, तर काम झाल्यावर ते म्यानात गेले असते. शिवाय अनुयायी नेत्यामागे का जातात, हे साधनवाद पुरते सांगत नाही. नोकरीच्या आशेने गुरुजींनी मत का दिले हे कळते, पण नोकरीची आशाच नसलेला शेतमजूर डांबराचा डबा का घेतो, हे त्याने कळत नाही. इथे गीर्ट्‌झ उपयोगी पडतात. ‘श्री’ हे अक्षर कोणाला अपमान वाटेल हे नेता ठरवत नाही. ते अगोदरच ठरलेले असते, नेता फक्त ते पाटीवर लावतो. उलट, तेच अक्षर १९५८ मध्येच का पेटले, याला जन्मबंधवादाकडे उत्तर नाही.

१९८७ मध्ये भारत-श्रीलंका करारानंतर तेराव्या घटनादुरुस्तीने तमिळ हीही राजभाषा झाली. ती करणारे राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने होते. १९५७ मध्ये कराराविरुद्ध चालणारे तेच. आणि या वेळी विरोधाला उभ्या होत्या बंडारनायके यांच्या पत्नी सिरिमावो आणि त्यांचा पक्ष.