शोकसंदेश लिहिताना 'तू', 'तुम्ही' की 'आपण'? कुणाला काय लिहायचं?

व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाच्या तरी निधनाची बातमी येते आणि खाली एकामागोमाग एक 'भावपूर्ण श्रद्धांजली' पडत जातात. ते शब्द गेलेल्या माणसासाठी असतात. घरच्यांना स्वतंत्र मेसेज करायला घेतला की मात्र पहिल्याच वाक्यात अडायला होतं. 'काळजी घे' लिहायचं, की 'काळजी घ्या'?

पूर्वी पत्रात हे काम मायना करायचा. वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप', बरोबरीच्यांना 'सप्रेम नमस्कार' आणि धाकट्यांना 'चिरंजीव' लिहिलं की नातं ठरून जायचं. मेसेजला मायना नसतो. त्यामुळे मान किंवा जवळीक दाखवण्याचा सगळा भार आता क्रियापदावर येतो.

एक घर, तीन मेसेज

समजा, कर्जतमध्ये तुमच्या शाळेतल्या मित्राचे वडील वारले. तुम्हाला त्याच्या आईला, त्याला आणि त्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या बहिणीला लिहायचंय.

आईला: "काकू, काकांची बातमी आत्ताच कळली. तुम्ही इतके दिवस एकट्या धावपळ करत होतात. थोडं खाऊन घ्या. संध्याकाळी आई आणि मी येतोय."

मित्राला: "काका गेले हे कळलं. तू फोन उचलला नाहीस तरी चालेल. मी निघालोय, स्टेशनवरून काही आणायचं असेल तर सांग."

बहिणीला: "बाबांचं कळलं गं. तुला बोलावंसं वाटेल तेव्हा फोन कर, रात्री उशिरा केलास तरी चालेल."

तिन्ही मेसेजमध्ये समोरची व्यक्ती बदलली तसं क्रियापद बदललं. गेलेल्या माणसाचा मान मात्र तोच राहिला. म्हणजे इथे दोन निर्णय वेगवेगळे घ्यायचे असतात: वाचणाऱ्याला काय म्हणायचं आणि गेलेल्याला काय म्हणायचं. मित्र स्वतः 'बाबा गेला' असं लिहील, कारण त्याच्या घरात वडिलांना अरे-तुरे करत असतील. तुम्ही 'काका गेले' असंच लिहा. त्याची नक्कल करू नका आणि त्याला दुरुस्तही करू नका.

गडबड कुठे होते?

बहुतेक वेळा फॉरवर्ड केलेला मजकूर आणि स्वतःचे शब्द एकत्र आले की गडबड होते. "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. काळजी घे" यात पहिलं वाक्य चौकातल्या फ्लेक्सवरचं आहे आणि दुसरं मित्राचं. पाठवण्याआधी फक्त क्रियापदं वाचून बघा. घे, सांग, ये किंवा घ्या, सांगा, या, यांपैकी एकच रांग दिसायला हवी. बाईमाणसाला 'तुम्ही' लिहिताना 'कसे आहात' नको, 'कशा आहात' हवं.

दुसरी चूक मानाच्या अतिरेकाची. ज्या मावशीला आयुष्यभर 'मावशी, तू' म्हटलं, तिला आजच 'आपण धीर धरावा' लिहिलं तर तिला ते परकं वाटेल. रोज बोलताना जे रूप वापरता, तेच ठेवा. याउलट, वयाने लहान असलेल्या वहिनीला किंवा जावयाला घरात 'तुम्ही' म्हणत असाल, तर मेसेजमध्येही 'तुम्ही'च लिहा. इथे वयापेक्षा नातं मोठं ठरतं.

ऑफिसातल्या कनिष्ठ सहकाऱ्याला एरवी 'तू' म्हणत असाल, तर वैयक्तिक मेसेजमध्ये 'तू' ठीक आहे. सगळ्यांना दिसणाऱ्या ग्रुपवर मात्र 'तुम्ही' बरं, कारण तिथे ते वाचणारे तुमचं नातं ओळखत नाहीत.

'आपण' कधी टाळावं?

'आपण'चे दोन अर्थ होतात: आदराने 'तुम्ही' आणि 'तुम्ही-आम्ही मिळून'. शोकसंदेशात हा फरक टोचू शकतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर आदिवासींच्या या वाडीतली कुटुंबंच्या कुटुंबं ढिगाऱ्याखाली गेली. अशा गावासाठी बाहेरच्या कुणी "आपण आपली माणसं गमावली" असं लिहिलं, तर कुणी गमावली? लिहिणाऱ्यानेही? आदर म्हणून लिहिलेलं वाक्य दुःखावर हक्क सांगितल्यासारखं वाचलं जाऊ शकतं. "तुम्ही तुमची माणसं गमावली" यात शंका उरत नाही. शिवाय अनेकांना उद्देशून लिहिताना लहान-मोठे सगळे 'तुम्ही'तच येतात.

गेलेला माणूस तुमचाही असेल, तर मात्र 'आपण' अगदी योग्य आहे. शाळेच्या ग्रुपवर "आपण आपले सर गमावले" असं एका माजी विद्यार्थ्याने दुसऱ्याला लिहिलं, तर त्यात दोघांचंही दुःख येतं.

एवढं करूनही 'तू' की 'तुम्ही' ठरत नसेल, तर 'तुम्ही' लिहा. जवळच्या माणसाला ते क्षणभर औपचारिक वाटेल, पण चुकीच्या जागी आलेला 'तू' अशा दिवशी जास्त लागतो.