विद्युत व पेट्रोल मोटारींचे जीवनचक्र उत्सर्जन (कोळसाप्रधान वीज)

मोटारीची घडण, इंधन वा वीज आणि अखेरची मोडतोड यांतून बाहेर पडणाऱ्या हरितगृह वायूंची एकत्रित बेरीज. भारतात सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशापासून होत असल्याने ही तुलना येथे अटीतटीची ठरते.

एक लहान मोटार घेऊ. लिटरला १६ किमी धावणाऱ्या पेट्रोल मोटारीतून किमीमागे सुमारे १४५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. तेल उपसा आणि शुद्धीकरण धरून तो १७० पर्यंत जातो. तशाच विद्युत मोटारीला १०० किमीस १३ युनिट लागतात, पण चार्जिंग व वाहिन्यांतील गळतीमुळे केंद्रातून १७ युनिट सोडावे लागतात. देशाच्या वीजजाळ्याची सरासरी युनिटमागे सुमारे ०.७२ किलो आहे. खाणकामासह हिशेब किमीमागे १३० ग्रॅमच्या आसपास येतो.

बचत ४० ग्रॅमची, पण सुरुवात उधारीने होते. ३० युनिटची बॅटरी घडवताना, युनिट क्षमतेमागे ८० किलो धरल्यास, २.४ टन वायू आधीच सुटलेला असतो. तो फिटायला ६०,००० किमी धावावे लागते. कमी फिरणाऱ्या घरगुती मोटारीस याला दहा वर्षेही लागतील. टॅक्सीला एक-दोन पुरतात.

सरासरीचा आकडा मात्र फसवा असतो. रात्री सौरवीज नसते. चार्जिंगची वीज निव्वळ कोळशाची धरली, तर युनिटमागे किलोभर वायू पडतो आणि बचत जवळपास संपते. लिटरला २४ किमी देणारी हायब्रिड मोटार तर या हिशेबात सरासरी विजेवरही सरस ठरते.