लोड कुणाच्या पाठीशी

पांढुर्णा-सौंसरकडे घरात बैठक करायची ठरली की आधी गाद्यांचं बोलणं होतं. कापड कोणतं घ्यायचं, कापूस किती लागेल, पिंजारी कुठला गाठायचा. लोडांचं निघतं ते सगळ्यात शेवटी, उरल्या कापसात भागवून टाकू अशा बेतानं. पण या मांडणीची कुळकथा सांगायची तर लोडापासूनच सुरुवात करावी लागते. गादी काय, झोपायलाही लागतेच. बसल्या माणसाच्या पाठीशी लोड आला तेव्हा तिची बैठक झाली, आणि तो लोड कुणाच्या पाठीशी असावा हा कैक वर्षं मानाचा प्रश्न होता.

दरबारात त्याचं उत्तर सोपं होतं. गादी एकाची आणि लोडही त्याचाच. बाकीचे जाजमावर, मांडी घालून, पाठ ताठ ठेवून. पुण्याच्या दरबारात 1790 साली सवाई माधवराव आणि इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट यांच्यात तह झाला. त्या प्रसंगाचं मोठं तैलचित्र जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलनं 1805 साली पुरं केलं. त्यात उंच खांबांच्या दिवाणखान्यात माणसांची दाटी आहे, आणि त्यातली बहुतेक जमिनीलगत बसलेली आहेत. तंग विजारी घातलेल्या साहेबांना ही बैठक किती अवघड जात असेल, हा विचार ते चित्र पाहताना माझ्या मनातून जात नाही. टेकायला मिळालं असतं तर निभलं असतं, पण टेकणं हीच तर धन्याची खूण.

आपला मुलूख आधी देवगडच्या गोंड राजांचा, मग नागपूरकर भोसल्यांचा, आणि 1854 मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांचा. दरबार नागपुरात, म्हणजे गावापासून लांबच. गावानं गादी-लोड पाहिला तो मालगुजाराच्या वाड्यात. इंग्रजांनी मध्यप्रांतात जमाबंदी करून मालगुजारांना गावाची मालकी दिली, आणि वाड्याची ओसरी हीच गावची कचेरी झाली. ओसरीच्या टोकाला गादी, तिच्यावर पांढरी चादर, मागं लोड, आणि त्याला टेकलेले मालगुजार. शेतसारा घेऊन आलेला माणूस समोर खाली बसे. म्हणजे दरबाराचीच लहान नक्कल. मालगुजारी 1951 साली गेली. त्यानंतर वाड्यातल्या गाद्या काही वर्षं तशाच अंथरल्या जात राहिल्या, एवढंच.

आज दिवाणखान्यात भिंतीलगत जी बैठक मांडतात, तिची वंशावळ लोक सरळ या वाड्याशी जोडतात. मला ते पटत नाही. वाड्यातल्या बैठकीला एकच मालक होता आणि बाकी सगळे समोर. घरच्या बैठकीत तसं नसतं. तिथं गाद्या दोन-तीन भिंतींना लागून असतात, जो येईल त्याला टेकायला लोड मिळतो, आणि कुणा एका मालकापुढं खाली कुणी बसत नाही, सगळे काटकोनात किंवा समोरासमोर बसतात. ही मांडणी व्यापाऱ्याच्या पेढीवरची, आणि आपल्याकडे ती आली असावी कापसाच्या अडतीतून.

सिल्लेवानी घाट उतरून खाली आलं की काळी जमीन लागते आणि कपाशी सुरू होते. सौंसर, लोधीखेडा, पांढुर्णा हा सगळा नागपूरच्या बाजारपेठेशी बांधलेला पट्टा. कापूस आला की अडत्या आला, आणि अडत्याला खोलीभर बैठक लागे, कारण त्याच्याकडे एकाच वेळी शेतकरी, दलाल, जिनिंगचा माणूस असे चारपाच जण यायचे आणि सौद्यासाठी तासन्‌तास बसायचे. गिऱ्हाईक अवघडलं की उठून शेजारच्या दुकानात जातं. म्हणून दुकानभर गादी, भिंतीला ओळीनं लोड, आणि आल्यागेल्याला, “टेका ना जी, लोड मागं घ्या.” कापसाचे भाव जुन्या काळी रुमालाखाली बोटं धरून ठरत. त्यासाठी दोन माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसावी लागतात. खुर्चीवर हे जमत नाही, पण गादीवर सहज जमतं. मुनीमजीपुढं उतरत्या झाकणाची बुटकी पेटी असे. तिच्या झाकणावर वही लिहायची आणि आत रोकड ठेवायची. आजच्या बैठकीतलं बुटकं टेबल याच पेटीचं नातवंड आहे. चौरंग दिसतो तसाच, पण तो देवासाठी आणि ताटासाठी असल्यानं मांडीच्या वर कधीच येत नाही. तो पुढ्यात ठेवायचा असतो.

मग खुर्ची आली. सरकारी कचेरीतून, शाळेतून, आणि मुख्य म्हणजे पँटीतून. धोतरानं मांडी घालायला कधी अडचण केली नाही, पण इस्तरीच्या घडीनं केली. लग्नात सोफासेट देण्याची चाल पडली आणि घरातली बैठक माळ्यावर गेली. ती पुरती मेली मात्र नाही, कारण इकडे तिला बिछायत केंद्रांनी सांभाळलं. लग्नाची बोलणी, भजन, तेरवी, सगळ्याला गाद्या-लोड भाड्यानं येतात. पांढऱ्या खोळीतले ते लोड बहुतेकांनी पाठीशी घेतलेले असतात, आणि तिथून चुकीचं मापही डोक्यात बसतं. बिछायतीचा लोड गाडीतून नेण्यासाठी हलका आणि मऊ भरलेला असतो. कार्यक्रमाच्या दोन तासांपुरता तो चालतो, पण रोजच्या घरात महिन्याभरात त्याचं धिरडं होतं.

आता रोजची बैठक कशी भरते ते पाहू. बारा बाय दहाची खोली धरा. कोपऱ्यात तीन बाय तीनची एक चौकोनी गादी ठेवायची आणि तिच्या दोन बाजूंना सहा बाय तीनची एकेक. दोन्ही भिंतींवर नऊ-नऊ फूट भरतात, आणि दारासाठी जागा उरते. रुंदी अडीच फूटही चालते असं बरेच गादीवाले सांगतात. पण हिशेब करून पाहावा. लोडाची जाडी नऊ इंच, ती वजा जाता बसायला एकवीस इंच उरतात. उंच माणसाची मांडी तेवढ्यात मावत नाही आणि गुडघे फरशीवर लोंबतात. तीन फुटांत सत्तावीस इंच मिळतात. शिवाय पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला पाहुणे येतात, तेव्हा लोड बाजूला सारले की दोन माणसांच्या झोपण्याची सोय होते.

गादी चार इंच जाड घेतली तर सहा बाय तीनची एक गादी सहा घनफुटांची झाली. तिला सुमारे दहा किलो कापूस लागतो. तीस इंच लांब आणि नऊ इंच जाड लोड जेमतेम एक घनफुटाच्या वर जातो, पण त्याला तीन-सव्वातीन किलो लागतो. म्हणजे लोड गादीच्या जवळपास पावणेदोन पट गच्च भरायचा. घरोघरी चुकतं ते इथंच. लोड उशीसारखा भरला की टेकल्यावर कंबर आत जाते, खांदे पुढं येतात आणि पंधरा मिनिटांत माणूस आडवा होतो. पारख सोपी आहे. लोड दोन टोकांनी उचलून धरायचा. मधे वाकला तर परत भरायला द्यायचा. सावरीच्या कापसाचा मोह लोडासाठी टाळावा. सातपुड्यात काटेसावर भरपूर, तिचा कापूस रेशमासारखा, डोक्याखाली उत्तम. पण वजनाखाली त्याचे तंतू मोडतात आणि भुगा होतो.

सरकीच्या कापसातही फरक आहे. जुनी गावरानी कपाशी आखूड आणि खरखरीत धाग्याची. सूतगिरणीला ती नकोशी, पण गादीला मात्र सोन्यासारखी, कारण जाड तंतू दबला की परत उसळतो. आता शेतात जवळपास सगळं लांब आणि तलम धाग्याचं वाण आहे. तो कापूस लवकर चप्पट होतो, त्यामुळे गादी आधीपेक्षा लवकर पिंजावी लागते. पिंजाऱ्याच्या धनुकलीची तात तंतू सुटे करी, ते काम आता यंत्र करतं. यंत्रात काय जातं यावर मात्र नजर हवी. चिमूटभर कापूस बोटांत चोळावा. रंगीत दोरे किंवा धाग्याचे तुकडे निघाले तर तो चिंध्या पिंजून केलेला माल आहे. तो वजनाला भरतो, पण त्याला उसळी नसते.

टेबलाची उंची गादीवरून ठरते. चार इंचांची गादी बसल्यावर तीन इंच उरते. मांडी घातलेल्या माणसाचा गुडघा तिच्यावर पाच-सहा इंच येतो. म्हणजे टेबलाची खालची पट्टी फरशीपासून किमान नऊ इंच वर हवी, आणि पट्टी-फळीची जाडी धरून वरचा भाग बारा इंचांवर जातो. चहापाण्याला एवढं पुरे. मुलं त्यावर अभ्यास करणार असतील तर तेरा-चौदा घ्यावं, नाहीतर वहीवर वाकून मानेला रग लागते.

बैठक टिकत नाही ती मात्र ओलीमुळे. फरशी थंड असते आणि पावसाळ्यातली दमट हवा गादीखाली अडकते. कापूस ती पिऊन घेतो. सकाळी गादीखाली हात घालून पाहावा. गारठा आणि चिकटपणा लागला तर ओल धरली असं समजायचं. वास येईपर्यंत थांबलं तर खालच्या कापडावर काळे ठिपके पडतात, ते धुऊनही जात नाहीत. म्हणून फरशीवर आधी शिंदीची चटई, तिच्यावर सतरंजी आणि मग गादी, आणि आषाढ-श्रावणात रोज झाडताना गादी भिंतीला उभी करायची. ऊन पडलं की दोन-तीन तास दोन्ही बाजू तापवायच्या, म्हणजे ओल उडते आणि दबलेला कापूस फुगतो. टाइल्सच्या घरात हे चुकवता येत नाही. शेणानं सारवलेल्या ओसरीला ही कटकट कमी होती, कारण ती जमीन स्वतःच ओल शोषायची.

आणि घरात सत्तरीचं माणूस असेल तर फक्त जमिनीवरची बैठक मांडू नये. चार इंचांवरून उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो आणि हाताला आधार काहीच नसतो. एका भिंतीला पंधरा-सोळा इंच उंच लाकडी तखत ठेवून त्याच्यावर तशीच गादी, तसाच लोड घालावा. आजी वर आणि आम्ही खाली, अशी ही मांडणी मी सौंसरच्या एका घरी पाहिली. तखताच्या पायाशी टेबल सरकवलेलं होतं, म्हणजे आजींच्या हाताला चहा येत होता आणि उठताना टेकायलाही तेच होतं. एवढ्यासाठी टेबल मात्र जड लाकडाचं हवं. हलकं असलं तर भार पडताच सरकतं.